लिटरला स्वस्त, किलोमीटरला महाग

निपाणीजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी गेली सोळा वर्षं केमिस्ट आहे. टँकर भरून बाहेर पडायच्या आधी त्यातल्या इथेनॉलची बाटली माझ्या टेबलावर येते. मी ताकद बघते, पाण्याचा अंश बघते, कागदावर सही करते आणि मग टँकर तेल कंपनीच्या डेपोकडे निघतो. माझ्या सहीशिवाय तो फाटकाबाहेर जात नाही. या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि संध्याकाळी तिच्या अंगाला येणाऱ्या वासामुळे आम्हा भावंडांना शिंका यायच्या. तिच्या मुलीच्या सहीवर टँकर हलतो, हे ती शेजारणींना दोन-तीनदा तरी सांगत असे.

सहीचं वजन किती असतं आणि ते कुणाच्या अंगावर पडतं, हे मला त्या आठ मोटरसायकलींनी शिकवलं.

कारखान्याने फ्लेक्स फ्युएलच्या आठ गाड्या घेतल्या. या गाडीला साधं पेट्रोल चालतं, पंच्याऐंशी टक्के इथेनॉल असलेलं ई-८५ चालतं आणि दोन्हींचं कसलंही मिश्रणही चालतं. टाकीत काय आहे ते गाडी धुराच्या नळीतल्या सेन्सरवरून ओळखते आणि किती इंधन फवारायचं ते आपलं आपण ठरवते. सात गाड्या शेती खात्यातल्या फील्डमनना दिल्या. ऊसनोंदीसाठी त्यांना रोज गावोगाव फिरावं लागतं. आठवी मला दिली. मी लॅबमधली, मला कुठं फिरायचं असतं? पण कार्यकारी संचालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथेनॉल बनवता, तुम्हीच चालवायला पाहिजे. लोकांना दिसू दे." आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो. माणूस वाईट नाही. हे मी पुढेही म्हणणार आहे, कारण ते खरं आहे.

गाड्या वाटायचा कार्यक्रम कारखान्याच्या आवारात मांडव घालून झाला. समोर ऊस उत्पादक शेतकरी, बाजूला कर्मचारी. बोलायचं मला होतं. मी सहा स्लाइड केल्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी त्या बघितल्या आणि पाचव्या स्लाइडवर थांबले.

"हे काय?"

"इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, सर. लिटरमागे ॲव्हरेज कमी पडणार. ते सांगायला नको?"

"मॅडम, उद्या लोकं लग्नाला आल्यागत येणार आहेत. हे पुढं कधीतरी सांगू. उद्या फक्त लिटरचा दर सांगा. दर खोटा आहे काय?"

दर खोटा नव्हता. ई-८५चं नोझल त्या वेळी आमच्या टापूत एकाच पंपावर होतं, हायवेला सीमा ओलांडून कागलच्या बाजूला, कारखान्यापासून चौदा किलोमीटर. तिथल्या फलकावर पेट्रोल एकशे चार रुपये आणि ई-८५ शहाण्णव रुपये होतं. आठ रुपयांचा फरक. दुसऱ्या दिवशी माइकसमोर उभं राहून मी म्हणाले, "लिटरमागे आठ रुपये स्वस्त, आणि ते आपल्याच उसातून." टाळ्या पडल्या. समोरून दुसऱ्या रांगेत बसलेले आप्पा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

आप्पा हे आमचे सगळ्यात जुने फील्डमन. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, सहा गावांचा पट्टा त्यांच्याकडे. माझं पहिलं वर्ष चालू असताना काही माणसं माझ्या टेबलावरचं पाणी प्यायला टाळाटाळ करायची. आप्पा मुद्दाम रोज येऊन माझ्या तांब्यातलं पाणी पिऊन जायचे आणि त्यावर एक शब्दही बोलायचे नाहीत. ते मला बाई म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मी कधी त्यांना त्यातून बाहेर काढू शकले नाही आणि आता वाटतं, त्या दिवशी मांडवात त्यांनी जो विश्वास ठेवला तो शाळेतल्या बाईंवर ठेवावा तसाच होता.

गाड्यांबरोबर एक नियमही आला होता. फील्डमनना किलोमीटरमागे तीन रुपये वीस पैसे मिळायचे. जुन्या गाड्यांवर पेट्रोल धरून ठरवलेला दर. तोच राहणार होता. मात्र आता महिन्याच्या शेवटी ई-८५च्या पावत्या जोडायच्या, पेट्रोलची पावती चालणार नाही. म्हणजे गाडीला काहीही चालत होतं, पण चालवणाऱ्याला एकच.

दीड महिन्याने आप्पा लॅबमध्ये आले. हातात ऊसनोंदीची डायरी. बसले, पाणी प्याले आणि डायरीचं मागचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"बाई, ह्यात माझं काय चुकतंय बघा की."

त्यांनी प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर मीटर लिहून ठेवलं होतं. सत्तावीस. अठ्ठावीस. सत्तावीस. एकदा साडेसव्वीस.

"जुनी गाडी लहान हुती, ती सोडा. पर ह्याच गाडीत शोरूमवाल्यानं पयल्या दिवशी पेट्रोल घातलं हुतं, तवा छत्तीस पडलं. मला वाटलं गाडीत बिघाड हाय. शोरूमला दाखवली. त्यो म्हणतोय, गाडी चांगली हाय आप्पा, गाडीला काय झाल्यालं न्हाय."

"गाडीला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"मग?"

मी फळ्याजवळ गेले. लॅबमध्ये एक फळा आहे, पाळी बदलताना आम्ही त्यावर निरोप लिहितो. त्याचा एक कोपरा पुसला.

"निव्वळ पेट्रोलच्या एका लिटरमध्ये शंभर ताकद आहे असं धरा. तर इथेनॉलच्या एका लिटरमध्ये सहासष्ट आहे. दोन तृतीयांश. कितीही शुद्ध केलं तरी तेवढीच. हा त्याचा दोष नाही, तो पदार्थच तसा आहे. आता पंपावर मिळतं ते पेट्रोलसुद्धा निव्वळ नसतं, त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असतंच. त्याची ताकद त्र्याण्णव. आणि तुम्ही भरता त्या ई-८५ची एकाहत्तर."

"त्र्याण्णवाला एकाहत्तर."

"म्हणजे शंभराला शहात्तर. छत्तीस ॲव्हरेज असेल तर साडेसत्तावीस होणार. तुमच्या डायरीत तेच आलंय."

आप्पा फळ्याकडे बघत राहिले. हिशोब त्यांना कळला होता. उसाचं टनेज आणि उतारा तोंडी सांगणारा माणूस तो. दुसरंच काहीतरी त्यांना कळत नव्हतं.

"मंजे तुमाला हे ठाऊक हुतं?"

"होय."

"मांडवात बोललासा तवाबी?"

"होय आप्पा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डायरी मिटली, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी सा गावात सांगितलंय बाई. बाई म्हणत्यात स्वस्त हाय म्हणून सांगितलंय. आमच्या जावयानं तर घेतली की गाडी, हिंडलग्यात." आणि उठून गेले. पाण्याचा तांब्या टेबलावर तसाच राहिला.

त्या दिवशी मी तीन टँकर तपासले आणि तिन्हींवर सही केली. इथेनॉल उत्तम होतं. नेहमीच असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. दर किती असला तर परवडेल ते कागदावर मांडून नेलं होतं. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मला मांडवात सुचलीच नव्हती. आमचे फील्डमन एरवी पेट्रोल निपाणीत भरायचे, कर्नाटकात, जिथं ते एकशे तीन होतं. कागलच्या फलकावरचं एकशे चार त्यांच्या कामाचंच नव्हतं. तुलना करायची तर एकशे तीनशी. त्याचे शहात्तर टक्के म्हणजे साधारण साडेअठ्ठ्याहत्तर रुपये. ई-८५ त्याच्या खाली मिळालं तरच परवडतं. ते शहाण्णवला होतं.

साहेबांनी कागद शांतपणे वाचला. मग खण उघडून दुसरा कागद काढला. आणखी चाळीस गाड्यांचा प्रस्ताव होता तो. संपूर्ण शेती खातं, शिवाय शेजारच्या दोन ऊसगटांतली माणसं. खाली माझ्या नावाची जागा सोडलेली. 'तांत्रिक अहवाल जोडला आहे' असं लिहिलेलं.

"मॅडम, तुमचा हा कागद पुस्तकातला आहे. प्रत्यक्षात इतकं कमी पडत नसेल. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, इंजिन त्याचा फायदा घेतं. बरोबर?"

"थोडा घेतं."

"मग मोजा. मोजून अहवाल द्या. पण कारखान्याच्या वेळेत नको."

मी आप्पांना विचारलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मोजूया की. माझ्याच गाडीवर मोजूया."

मग सलग सहा रविवार आम्ही हायवेवर होतो. पुढे आप्पा, मागे माझ्या गाडीवर मी, दोघांच्या टायरात सारखी हवा. इंधन बदलायचं तेव्हा टाकी रिकामी करून घ्यायची, नवीन घालून आधी पन्नास किलोमीटर फिरवायची, म्हणजे आधीचं उरलंसुरलं जातं आणि गाडीला नव्याची सवय होते. मग कागलच्या त्या पंपावर टाकी काठोकाठ, मीटर लिहायचं, तिथून निपाणी, संकेश्वर, बेळगाव, हिंडलगा आणि परत त्याच पंपावर येऊन पुन्हा काठोकाठ. ई-८५वर तीन फेऱ्या, पेट्रोलवर तीन फेऱ्या. साठच्या वर जायचं नाही. आप्पा त्या आकड्याला इतके चिकटून असायचे की मागून येणारे ट्रॅक्टर हॉर्न मारायचे.

एकदा आम्ही पोचलो तर ई-८५चं नोझल बंद होतं. त्यावर गोणपाट बांधलेलं. दुरुस्तीला माणूस बेळगावहून यायचा होता. पंपावरची मुलगी म्हणाली, "पेट्रोल घाला की, तुमच्या गाडीला चालतंय न्हवं?"

आप्पा माझ्याकडे बघून हसले, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. "चालतंय गं. गाडीला चालतंय. आमाला चालत न्हाय."

आम्ही दोघं हायवेच्या कडेला बाभळीखाली बसून राहिलो. आप्पांच्या टाकीत तळाशी थोडं होतं, गाडी परत नेण्यापुरतं कदाचित. समोर वीस पावलांवर पेट्रोलचं नोझल होतं, गाडीला ते प्यायला काही अडचण नव्हती, खिशात पैसे होते. तरी आम्ही अडकलो होतो. दुपारी तीनला दुरुस्तीवाला आला. तेवढ्या वेळात आप्पांनी मला त्यांच्या सहा गावांतल्या प्रत्येक गावात कोण काय विचारतं ते सांगितलं. ते आता वाट बदलून जात होते. चावडीवरून न जाता मळ्यातून जायचे, कारण चावडीवर कुणीतरी ॲव्हरेजचं विचारायचं.

हिंडलग्याला त्यांची मुलगी राहते. प्रत्येक फेरीत तिथं चहा व्हायचा. जावई बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये आहे. दारात त्याची फ्लेक्सची गाडी उभी असायची, टाकीवर हिरवं पान रंगवलेली. पहिल्या रविवारी तो माझ्याशी अदबीनं बोलला. तिसऱ्या रविवारी धीर करून म्हणाला, "मॅडम, गाडी घेतली खरं, ते तुमचं इंधन इथं मिळतंय कुठं? बेळगावात न्हाई. कागलला जाऊन भरून यायचं म्हटलं तर निम्मी टाकी जाण्यायेण्यातच जातेय. मी पेट्रोलवरच चालवतोय. मग साध्या गाडीपेक्षा जास्तीचे पैसे कशाला दिले मी?"

त्याची बायको आतून म्हणाली, "ओ, गप बसा की. मॅडमना कशाला."

"विचारलं तर काय झालं? मॅडमनाच ठाऊक असणार."

मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "गाडी चांगली आहे. पेट्रोलवर चालवलीत तरी तिला काही होत नाही." उत्तर खरं होतं, पण त्याच्या प्रश्नाचं नव्हतं. आप्पा बशीतला चहा फुंकत राहिले.

सहा फेऱ्यांचे आकडे आले. आप्पांच्या गाडीला पेट्रोलवर सरासरी पस्तीस पॉइंट आठ, ई-८५वर सत्तावीस पॉइंट सात. म्हणजे सत्याहत्तर टक्के. पुस्तकापेक्षा एक टक्का बरं. साहेबांचा ऑक्टेन तेवढा कामी आला होता. माझ्या गाडीचे आकडे जरा वेगळे होते, पण गुणोत्तर तेच. निपाणीचं पेट्रोल एकशे तीनला असताना ई-८५ ऐंशीच्या आत मिळालं तर बरोबरी. शहाण्णवला घेतलं तर किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या जवळ, आणि पेट्रोल घातलं तर दोन रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे. कारखाना देत होता तीन रुपये वीस. पेट्रोलवर ऑइल-पंक्चरला काही उरायचं. ई-८५वर माणूस पदरचं घालून कारखान्याचं काम करत होता, आणि त्यात पंपाकडे जाण्यायेण्याचे अठ्ठावीस किलोमीटर वेगळेच, ते तर धरायचेही नव्हते.

मी अहवाल लिहिला. चार पानं. साहेबांनी तो माझ्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही आकडा चुकीचा नाही."

मला हलकं वाटलं. क्षणभरच.

"आता माझं ऐका. गेल्या दोन हंगामांत उसाचं बिल वेळेवर गेलं की नाही?"

"गेलं, सर."

"कशामुळे गेलं? साखरेमुळे? साखर गोदामात पडून असते. इथेनॉलचे पैसे आले म्हणून गेलं. उद्या पेपरात आलं की इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्याचीच केमिस्ट म्हणते इथेनॉल परवडत नाही, तर?"

"मी तसं म्हटलेलं नाही. दर ऐंशीच्या आत आला तर परवडतं असं म्हटलंय."

"लोकं शेवटचं वाक्य वाचत नाहीत, मॅडम." त्यांनी अहवाल फाइलमध्ये ठेवला आणि दुसरा एक कागद माझ्याकडे सरकवला. एकच पान. 'पंपावर प्रति लिटर दर आठ रुपयांनी कमी. इंजिनाची कामगिरी समाधानकारक. ऑक्टेन उच्च.' तिन्ही वाक्यं खरी. "ह्यात खोटं काय आहे सांगा, मी काढतो."

काढण्यासारखं काहीच नव्हतं. सगळा खोटेपणा जे लिहिलं नव्हतं त्यात होता. मी म्हणाले, "बघते सर," आणि कागद घेऊन लॅबमध्ये आले. हायड्रोमीटरच्या पेटीखाली ठेवला. तीन आठवडे तो तिथं होता. पेटी रोज उचलावी लागते, त्यामुळे रोज दिसायचा. सही करणं जमत नव्हतं आणि परत नेऊन देणंही. या टापूत दुसरी डिस्टिलरी म्हणजे रोजचे साठ-सत्तर किलोमीटर, नाहीतर घर सोडणं. आईला दम्याचा त्रास, वखारीतली तंबाखू छातीत बसलेली. तिला सोडून मी कुठं जाणार होते? आणि दुसरीकडे गेले तरी इथेनॉलच तपासणार होते.

आईला मी सांगत नव्हते, पण तिला कळलं. आप्पांच्या पट्ट्यातल्या एका गावची बाई आठवडी बाजारात तिला भेटली होती.

"लोकं म्हणत्यात, बाईनं फसवलं. तूच न्हवं का गं ती बाई?"

"मीच."

"फसवलंस?"

"खोटं नाही बोलले, आई."

आई भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "वखारीत आमचा मुकादम बी खोटं कधी बोलायचा न्हाय. वजन बरोबर सांगायचा. काट्यावर पाय ठेवून सांगायचा, इतकंच."

मी उठून पाणी आणायला गेले.

हंगामाआधीची शेती खात्याची बैठक आली. साहेब, शेती अधिकारी, पस्तीस-चाळीस फील्डमन. चाळीस गाड्यांची घोषणा तिथं व्हायची होती. माझी खुर्ची साहेबांच्या बाजूला ठेवली होती. साहेबांनी आधी मला हळूच विचारलं, "तो कागद?" मी म्हणाले, "खाली लॅबमध्ये आहे." ते म्हणाले, "ठीक आहे, बैठकीनंतर." त्यांनी गृहीत धरलं होतं. मीही जवळजवळ धरलं होतं, खोटं कशाला सांगू? बैठकीनंतर सही करीन आणि एकदाचं सुटेन असं मनात येऊन गेलं होतं.

घोषणा झाली. साहेब म्हणाले, "काही शंका?"

आप्पा उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले.

"बाई, येवढंच सांगा. लिटरचं नको. किलोमीटरला किती?"

आप्पांना आकडा पाठ होता. सहा रविवार तो त्यांनीच मोजला होता. त्यांना स्वतःही सांगता आला असता. त्यांनी तो माझ्याकडून मागितला, कारण गावात त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. मला हे तेव्हाच कळलं, उठता उठता.

"पेट्रोलवर दोन रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे," मी म्हणाले. "ई-८५वर तीन सत्तेचाळीस. ई-८५चा दर ऐंशीच्या आत आला तर ते परवडेल. आज परवडत नाही."

बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेती अधिकाऱ्यांनी घसा खाकरला आणि पुढचा विषय घेतला.

मला काढतील असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. साहेब रागावलेही नाहीत. दोन दिवसांनी परिपत्रक निघालं. पावत्यांची अट रद्द, ज्याला जे भरायचं ते भरावं, किलोमीटरचा दर पूर्वीचाच. चाळीस गाड्यांचा प्रस्ताव तूर्त स्थगित. परिपत्रक वाचल्यावर सात फील्डमननी त्याच दिवशी निपाणीत पेट्रोल भरलं. आप्पा लॅबमध्ये आले, तांब्यातलं पाणी प्याले. "चावडीवरनं आलो आज," एवढंच म्हणाले. त्यांच्यापुरतं ते मिटलं.

माझ्यापुरतं मिटलं नाही. साहेबांनी मला बोलावून हायड्रोमीटरखालचा कागद परत मागितला, सहीविनाच. आणि म्हणाले, "तुमची गाडी मात्र ई-८५वरच राहू दे. पाहुणे येतात, एक तरी गाडी दाखवायला हवी. तुमचा खर्च कारखाना बघेल." नाही म्हणायला कारणच शिल्लक नव्हतं. पदरचं काही जात नव्हतं. तेव्हापासून दर दहा-बारा दिवसांनी मी चौदा किलोमीटर जाते, भरते, येते. थंडीच्या सकाळी स्टार्टर दोन-तीनदा मारावा लागतो, मग चालते छान.

आणि एक नवीनच काम मागे लागलं. दर बदलला की लोक मला गाठतात. चहाच्या टपरीवर, स्टँडवर, लग्नात. "मॅडम, आज कुठलं?" मी मनात पेट्रोलच्या दराचे सत्याहत्तर टक्के काढते, फलकाशी ताडून बघते आणि सांगते. आजवर प्रत्येक वेळी उत्तर पेट्रोल असंच आलंय. दिवसभर मी इथेनॉल तपासते आणि रस्त्यात लोकांना पेट्रोल भरा म्हणून सांगते. ज्या दिवशी उत्तर बदलेल त्या दिवशी तेही तितक्याच मोकळेपणानं सांगीन. तो दिवस लवकर यावा असं मलाही वाटतं. माझं पोट त्यावर आहे, आणि त्या सहा गावांतल्या उसाचं बिलही.

मागच्या महिन्यात बाहेरून एक शिष्टमंडळ आलं. साहेबांनी फाटकाजवळ माझी गाडी उभी केली होती, पुसून चकचकीत. लिटरचा दर आता मार्केटिंगचा नवीन माणूस सांगतो, मला बोलायला लावत नाहीत. पण पाहुण्यांतले एक गृहस्थ वळून मलाच म्हणाले, "मॅडम, बाकीचं जाऊ द्या. तुम्ही स्वतः काय भरता?"

साहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते डिस्टिलरीच्या उंच मनोऱ्याकडे बघत होते.

"ई-८५," मी म्हणाले. खरंच तर होतं. गृहस्थांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. त्यांनी किलोमीटरचं विचारलं असतं तर मी तेही सांगितलं असतं. मी वाट बघत उभी राहिले. तेवढ्यात कुणीतरी चहा आला म्हणून सांगितलं, आणि सगळे गेस्ट हाउसकडे निघाले.

लॅबमध्ये नवीन टँकरची बाटली येऊन पडली होती. मी हात धुतले आणि झाकण उघडलं.